गिऱ्हाईक एक, दुकानं दोन

द्राक्षबागेतलं ठिबक चोक झालं की बागायतदार पहिला फोन करतो तो नळी विकणाऱ्या दुकानदाराला. दुकानदार फिटरला बागेत पाठवतो. फिटर लॅटरल कापून बघतो, ड्रीपरच्या तोंडाशी पांढरट थर साचलेला असतो. तो नळ्यांची टोकं सोडून पाणी जोरात वाहू देतो, काम तात्पुरतं चालू होतं आणि महिन्याभरात पुन्हा तोच फोन येतो. अशा बहुतेक वेळा दोष नळीत नसतो, विहिरीच्या पाण्यात असतो. पाण्यात बायकार्बोनेट आणि कॅल्शियम जास्त असलं की त्यांचा चुनखडीसारखा थर ड्रीपरमध्ये बसतो. हे सांगू शकणारी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळा त्याच दुकानापासून पाच-सात किलोमीटरवर असते. तिच्याकडे उत्तर असतं, पण प्रश्न मात्र दुकानदाराच्या फोनवर येत राहतो.

दोघांचं गिऱ्हाईक एकच आहे. दोघांचा माल वेगळा आहे. एकाची विक्री झाली म्हणून दुसऱ्याची घटत नाही. अशा दोन व्यवसायांनी मिळून एखादा कार्यक्रम करणं, एकत्र माहितीपत्रक काढणं किंवा वेबिनार म्हणजे मोबाइलवरून बघता येणारं चर्चासत्र घेणं, याला सहविपणन म्हणतात. मोठ्या कंपन्यांत यासाठी स्वतंत्र माणसं असतात. तालुक्याच्या गावातल्या व्यावसायिकाला मात्र हा प्रस्ताव स्वतःच मांडावा लागतो आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच अडतात. समोरचा तोंडावर ‘बघू की’ म्हणतो आणि विषय संपतो.

तो ‘बघू की’ का म्हणतो, हे आधी समजून घ्यायला हवं. आपण त्याच्याकडे मागतो ते वरवर पाहता एक मेसेज पाठवण्याचं काम असतं. खरं तर आपण मागतो तो त्याच्या गिऱ्हाइकांचा त्याच्यावरचा विश्वास. ‘ही माणसं चांगली आहेत, यांचं ऐका’ असं त्याने आपल्या हजारभर शेतकऱ्यांना सांगायचं असतं. कार्यक्रम फसला, पाहुण्याने नुसता माल खपवला किंवा दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना नकोसे फोन सुरू झाले, तर शिव्या त्यालाच बसतात. म्हणून प्रस्तावात आपल्या कामाचं वर्णन कमी आणि त्याचा हा विश्वास आपण कसा जपणार याची तरतूद जास्त असावी लागते. बाकी सगळं यातूनच येतं.

निफाड तालुक्यातली एक प्रयोगशाळा चालवणाऱ्या ताई आणि त्याच भागातला ठिबकचा एक दुकानदार, असं उदाहरण घेऊन हे पायरी पायरीने पाहू. माणसं आणि त्यांचे आकडे कल्पनेतले आहेत, व्यवहार मात्र रोजचा आहे.

पहिला प्रश्न म्हणजे जोडीदार कोण निवडायचा. ताईंच्या मनात पहिलं नाव येतं ते विद्राव्य खतं विकणाऱ्या कृषी सेवा केंद्राचं, कारण तिथे शेतकऱ्यांची सर्वांत जास्त गर्दी असते. पण प्रयोगशाळेचा अहवाल अनेकदा सांगतो की बागेत पालाश पुरेसं आहे, आणखी टाकू नका. म्हणजे ताईंचं काम चोख झालं तर खतविक्रेत्याचा गल्ला कमी होऊ शकतो. असा माणूस तोंडावर हो म्हणेल, पण मनापासून मेसेज पाठवणार नाही, किंवा कार्यक्रमात अहवालाचं महत्त्व कमी करून बोलेल. ठिबकवाल्याचं तसं नाही. पाणी तपासलं गेलं तर त्याच्या फिटरच्या फेऱ्या वाचतात, ‘तुमची नळीच हलकी’ हा आरोप टळतो आणि फिल्टर दुरुस्तीचं किंवा आम्लप्रक्रियेचं काम त्यालाच मिळतं. निवडीची कसोटी अशी सोपी आहे. माझं काम उत्तम झालं तर समोरच्याचं काही नुकसान होतं का? होत असेल तर गिऱ्हाईक कितीही सारखं असलं तरी तो जोडीदार नव्हे.

गिऱ्हाइकाबरोबर हंगामही जुळावा लागतो. निफाड-दिंडोरी भागात फळछाटणी मुख्यतः सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. छाटणीनंतर बागेला पाणी आणि खतं ठिबकमधूनच द्यायची असल्यामुळे नळ्या त्याआधी साफ हव्यात. म्हणून हा विषय सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, गणपतीचे दिवस टाळून मांडला तर शेतकरी कान देतो. सटाणा भागात आगाप छाटणी पावसाळ्यातच होते, तिथल्या बागायतदाराला सप्टेंबरमधला हा कार्यक्रम उशिरा झालेला असतो. तेव्हा दुकानदाराची गिऱ्हाइकं नेमकी कुठल्या गावांतली आहेत, हे विचारल्याशिवाय तारीख सुचवू नये.

आता प्रत्यक्ष प्रस्ताव. तो तीन टप्प्यांत जातो: आधी छोटा मेसेज, मग समोरासमोर पंधरा मिनिटं आणि शेवटी एका पानाचं टिपण. पहिल्याच मेसेजमध्ये लांबलचक माहितीपत्रक जोडलं तर ते कोणी उघडत नाही. ताईंचा मेसेज असा असू शकतो:

‘नमस्कार दादा. मी माती-पाणी प्रयोगशाळेतून बोलतेय. ठिबक चोक होतं म्हणून या दोन महिन्यांत आमच्याकडे पाण्याचे २२ नमुने आले. त्यातल्या १४ नमुन्यांत बायकार्बोनेट जास्त निघालं. त्या बागांत नळीला दोष देऊन उपयोग नव्हता. छाटणीआधी हा विषय शेतकऱ्यांना मोबाइलवरून नीट समजावून सांगावा असं मनात आहे. तुमच्या फिटरचा अनुभव आणि आमचे रिपोर्ट एकत्र आले तर लोकांना पटेल. तयारी मी करते. या आठवड्यात दुकानावर पंधरा मिनिटं येऊ का? मंगळवार किंवा गुरुवार, दुपारी तीननंतर?’

या मेसेजमध्ये प्रयोगशाळेची स्तुती कुठेही नाही. सुरुवात दुकानदाराच्या डोकेदुखीपासून आहे आणि तिच्यावर ताईंच्या स्वतःच्या नोंदवहीतला पुरावा आहे. त्या पुराव्यात कुठल्याही शेतकऱ्याचं नाव नाही, कारण एकाचा अहवाल दुसऱ्याला सांगणारी प्रयोगशाळा उद्या आपल्या गिऱ्हाइकांशीही तसंच वागेल, हे दुकानदार ओळखतो. शेवटची मागणी फक्त पंधरा मिनिटांची आहे. हो किंवा नाही म्हणायला सोपी गोष्ट मागितली की उत्तर लवकर येतं. बाजाराच्या दिवशी दुकानावर जाऊ नये. गल्ल्यावर गर्दी असताना कोणीही मन लावून ऐकत नाही.

भेटीत आधी विचारायचं आणि मग सांगायचं. चोकअपच्या तक्रारी कोणत्या गावांतून जास्त येतात? शेततळ्याच्या पाण्यावरच्या बागांत काय दिसतं, विहिरीच्या पाण्यावर काय? या उत्तरांतून कार्यक्रमाचा मजकूर तयार होतो. पांढरा थर क्षारांचा असतो, हिरवट बुळबुळीत थर शेवाळाचा असतो आणि तांबूस गाळ बहुधा लोहाचा असतो. प्रत्येकाला उपाय वेगळा लागतो. क्षारांना आम्लप्रक्रिया आणि शेवाळाला क्लोरीन चालतं. ही दोन्ही एकत्र कधीच वापरायची नाहीत, कारण त्यातून विषारी वायू निघतो. हे फिटरने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर शेतकऱ्याला जास्त पटतं. दुकानदारालाही त्याच वेळी कळतं की या कार्यक्रमात आपला माणूस जाणकार म्हणून बोलणार आहे, आपण नुसते मेसेज पाठवणारे नाही.

भेटीनंतर त्याच दिवशी एक पान लिहून पाठवायचं. तोंडी ठरलेल्या गोष्टी महिन्याभरात प्रत्येकाला वेगळ्या आठवतात, म्हणून हे पान हवं. त्यात पहिल्यांदा विषय, शेतकऱ्याच्या शब्दांत: ‘ठिबक पुन्हा पुन्हा का चोक होतं? छाटणीआधी करायच्या तीन गोष्टी’. मग दिवस आणि वेळ. धारा काढून झाल्या आणि जेवणं व्हायची आहेत अशी संध्याकाळी साडेसातची वेळ बागायतदाराला सोयीची पडते. पण त्या फीडरवर थ्री फेजची वीज त्या आठवड्यात रात्रीची असेल तर तो मोटार चालू करायला गेलेला असतो, हेही आधी बघावं.

त्यानंतर कार्यक्रमाची मिनिटं. पाच मिनिटं दुकानदाराचं स्वागत, बारा मिनिटं फिटर कापलेल्या नळ्या कॅमेऱ्यासमोर धरून थर ओळखायला शिकवेल, बारा मिनिटं ताई पाण्याचा रिपोर्ट वाचायला शिकवतील आणि उरलेला वेळ प्रश्नांना. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी तुटते, म्हणून एकानेही महिन्याभरासाठी पैसे भरून खातं घेतलं नसेल तर प्रश्नोत्तरांच्या मधोमध सगळे बाहेर फेकले जातात. यूट्यूबवरून थेट दाखवायचं असेल तर नव्या चॅनेलवर ती सोय पहिल्यांदा चालू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो. कार्यक्रमाच्या संध्याकाळी हे लक्षात आलं तर काहीच करता येत नाही. तेव्हा कोणाचं खातं, खर्च कोणाचा आणि रंगीत तालीम कधी, हे पानावर यावं.

पुढचा मुद्दा सर्वांत नाजूक, तो म्हणजे कोण किती आणतो. ताईंकडे ६०० शेतकऱ्यांचे नंबर आहेत, दुकानदाराकडे १४००. ‘माझी माणसं जास्त, मग मला जास्त काय?’ हा प्रश्न त्याच्या मनात येतोच आणि तो आपणच आधी काढलेला बरा. उत्तर असं देता येतं: तुमची माणसं जास्त, म्हणून तयारी, चित्रं, मेसेजचा मजकूर, नोंदणी आणि खात्याचा खर्च माझ्याकडे. तुमच्याकडून दोन मेसेज आणि फिटरचे दोन तास. ही वाटणी आकड्यांनी समान नसली तरी दोघांनाही रास्त वाटते आणि ती लिहिलेली असते.

इथे बरेच जण कमिशनची वाट धरतात. तुमच्याकडून आलेल्या प्रत्येक नमुन्यामागे तुम्हाला इतके रुपये, असं. वस्तू विकणाऱ्या दोन दुकानांत हे चालून जाईल, प्रयोगशाळेच्या बाबतीत ते घातक आहे. दुकानदाराला नमुन्यामागे पैसे मिळतात हे एका शेतकऱ्याला कळलं की गावभर होतं. मग रिपोर्टमध्ये ‘आम्लप्रक्रिया करा’ असं लिहिलेलं असलं तरी ते दुकानाची विक्री वाढवायला लिहिलंय असा संशय येतो. प्रयोगशाळेला विकायला असतो तो तिचा निःपक्षपातीपणाच. तेव्हा पैशाऐवजी दोघांच्याही उपयोगाची एखादी सोय द्यावी. ताई दुकानात स्वच्छ बाटल्या आणि लेबलं ठेवतील, शेतकरी नमुना तिथेच आणून देईल आणि ताईंचा माणूस रोज संध्याकाळी तो घेऊन जाईल. शेतकऱ्याची एक फेरी वाचते, दुकानात पावलं वाढतात आणि ताईंना नमुना वेळेत मिळतो. नमुना कसा घ्यायचा तेही कार्यक्रमात सांगता येतं: मोटार थोडा वेळ चालू ठेवून मग पाणी घ्या, एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा.

आता यादी. आपल्या गिऱ्हाइकांचे नंबर दुसऱ्याच्या हातात जातील, ही दुकानदाराची खरी भीती असते, आणि ती रास्त आहे. त्याने ती यादी वर्षानुवर्षं जमवलेली असते. म्हणून प्रस्तावात पहिल्यापासून स्पष्ट लिहावं की यादीची देवाणघेवाण होणार नाही. दुकानदार आपल्या माणसांना स्वतःच्या फोनवरून मेसेज करेल, ताई आपल्या. नोंदणीच्या फॉर्मवर दोन वेगळे चौकोन असतील: ‘प्रयोगशाळेने मला पाणी परीक्षणाबद्दल मेसेज पाठवावेत’ आणि ‘ठिबक दुकानाने मला मेसेज पाठवावेत’. शेतकरी ज्यावर खूण करेल त्यानेच पुढे त्याच्याशी बोलायचं. आधीपासून खूण केलेले चौकोन ठेवायचे नाहीत. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: संमती स्वेच्छेने, कशासाठी ते समजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. पण कायदा बाजूला ठेवला तरी, न विचारता आलेल्या तिसऱ्या मेसेजला शेतकरी नंबर ब्लॉक करतो, आणि मग छाटणीच्या दिवसांतला महत्त्वाचा निरोपही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची एक मर्यादा इथे लक्षात ठेवावी. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो मेसेज मिळतो. म्हणजे दुकानदाराचे १४०० नंबर म्हणजे सहा याद्या, आणि त्यातल्या कितीतरी जणांना मेसेज पोचणारच नाही. म्हणून १४०० या आकड्यावर भिस्त ठेवून दुकानदाराला मोठमोठी आश्वासनं देऊ नयेत.

त्याला दाखवायचा हिशेब असा जमिनीवरचा असावा. समजा दोघांचे मिळून २००० मेसेज गेले आणि १८० जणांनी नाव नोंदवलं. नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून कमीच लोक प्रत्यक्ष येतात, हा या क्षेत्रातला सर्वसाधारण अनुभव आहे, तेव्हा ७० धरू. त्यातले २५ जण पंधरा दिवसांत पाण्याचा नमुना देतील. एका नमुन्याचे ४०० रुपये धरले तर ताईंच्या हाती १०,००० येतात. त्या २५ पैकी दहा-बारा बागांत आम्लप्रक्रियेचं किंवा फिल्टरचं काम निघालं तर ते दुकानदाराचं. आकडा लहान दिसतो, पण तो दोघांनाही पेलतो. उलट ‘पाचशे लोक येतील’ असं सांगून सत्तर आले, तर चांगला झालेला कार्यक्रमही दुकानदाराला फसलेला वाटतो.

पानाच्या शेवटी काय करायचं नाही तेही लिहावं. कार्यक्रमात कोणत्याही कंपनीच्या नळीची दुसऱ्या कंपनीशी तुलना नाही. किंमत सांगायची ती शेवटच्या दोन मिनिटांत, एकदाच. दुकानदार एखाद्या ठिबक कंपनीचा अधिकृत विक्रेता असेल तर कंपनीचं बोधचिन्ह तिच्या परवानगीशिवाय पत्रकावर छापायचं नाही, नाहीतर वरून विचारणा त्याला होते. ‘तुमच्याच नळीने माझं वाटोळं केलं’ असं कोणी सर्वांसमोर म्हणालं तर वाद घालायचा नाही. नाव, गाव लिहून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी फिटरने बागेत जायचं. आम्लाचं प्रमाण किती, याबद्दल फिटर आणि ताई यांचं एकमत आधीच झालेलं असावं. दोन जाणकारांनी एकाच कार्यक्रमात दोन आकडे सांगितले तर शेतकरी दोन्ही सोडून देतो. प्रमाण प्रत्येक पाण्याला वेगळं लागतं, म्हणून सरसकट आकडा न देता रिपोर्ट बघून सांगू असं दोघांनीही म्हणणं बरं. आणि एक गोष्ट दोघांनीही ठासून सांगायची: आम्ल पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी ओतायचं नाही.

होकार मिळाला तरी काम संपत नाही, कारण बहुतेक संयुक्त उपक्रम होकार आणि कार्यक्रम यांच्या मधल्या दिवसांत ढेपाळतात. दुकानदार ‘पाठवतो’ म्हणतो आणि हंगामाच्या गडबडीत राहून जातं. हे वेळीच कळावं म्हणून नोंदणीचे दोन दुवे ठेवायचे, एक त्याच्या मेसेजसाठी आणि एक आपल्या. कार्यक्रमाला पाच दिवस उरले असताना त्याच्या दुव्यावर एकही नाव नसेल तर मेसेज गेलेला नाही, हे नक्की. अशा वेळी आठवण करून देण्यापेक्षा तयार मजकूर त्याला पाठवावा, त्याच्या बोलण्याच्या ढंगात लिहिलेला, फक्त पुढे ढकलायचा. तरीही हलत नसेल तर तारीख आठवडाभर पुढे नेण्याचा मोकळेपणा ठेवावा. अर्ध्या मनाने दिलेली साथ घेऊन रिकामी बैठक करण्यापेक्षा ते बरं.

नकार आला तर त्याचं कारण ऐकावं. ‘आत्ता सीझन आहे’ हे कारण खरं असतं, मग एप्रिलच्या खरड छाटणीआधीची तारीख विचारावी. ‘आमची माणसं असलं बघत नाहीत’ असं असेल तर लहान काहीतरी सुचवावं. नवं ठिबक बसवताना दुकानदार शेतकऱ्याला जी पावती देतो, तिच्यासोबत पाण्याचा नमुना कसा घ्यायचा हे सांगणारं एक छापील कार्ड, खाली दोघांची नावं. खर्च किरकोळ, जोखीम जवळपास नाही. ही कार्डं घेऊन तीन महिन्यांत आठ-दहा शेतकरी आले, तर पुढच्या वेळी वेबिनारचा विषय दुकानदारच काढील.

कार्यक्रम झाल्यावर तीन दिवसांच्या आत त्याला अर्ध्या पानाचा हिशेब पाठवावा: कोणाच्या दुव्यावरून किती जण आले, किती शेवटपर्यंत थांबले, कोणते प्रश्न विचारले गेले आणि पंधराव्या मिनिटाला एकदम माणसं कमी झाली असतील तर तेही. ही घसरण बहुधा कोणीतरी माल विकायला लागल्याची खूण असते. कोणी किती वेळ बोललं ते त्याच वेळी पाहिलं तर पुढचा कार्यक्रम सुधारतो. पंधरा दिवसांनी नमुन्यांचा आकडा कळवावा, २५ ऐवजी ९ आले असले तरी. ठरलेला आकडा आणि झालेला आकडा शेजारी शेजारी दाखवणाऱ्या माणसाला आपल्या गिऱ्हाइकांसमोर पुन्हा उभं करायला दुकानदार कचरत नाही. आणि पुढच्या वर्षी रोपवाटिकेवाल्याकडे किंवा फवारणी यंत्रवाल्याकडे प्रस्ताव घेऊन जाताना ताईंच्या पहिल्या मेसेजमध्ये सांगायला हाच हिशेब असतो.